मोबाइलचा एसएआर आकडा: मोजतात कसा, आणि फोन घेताना बघायचा का? (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

बेंगळुरूतल्या एका चाचणी प्रयोगशाळेत मी काही वर्षं मोबाइलच्या एसएआर मोजणीचं काम केलं. आता बेळगावात परत आल्यावर नातेवाईक, शेजारी आणि खडेबाजारातले ओळखीचे दुकानदार तेच तेच प्रश्न विचारतात. कोणाला व्हॉट्सॲपवर "एसएआर १ च्या वर असेल तर फोन फेकून द्या" असा निरोप आलेला असतो, तर कोणाला दुकानदाराने "हा कमी रेडिएशनचा" म्हणून हजार रुपये महाग फोन दाखवलेला असतो. उत्तरं एकदाच नीट लिहून ठेवतो.

एसएआर म्हणजे नेमकं काय?

फोनमधून बाहेर पडणाऱ्या रेडिओ लहरींची ऊर्जा शरीरात किती वेगाने मुरते, त्याचं हे माप आहे. एकक आहे वॅट प्रति किलो. भारतात १ सप्टेंबर २०१२ पासून मर्यादा १.६ वॅट प्रति किलो आहे, आणि ती कुठल्याही १ ग्रॅम ऊतीवरच्या सरासरीची आहे. त्याआधी आपल्याकडे १० ग्रॅमवर २ वॅट प्रति किलो ही युरोपसारखी मर्यादा होती.

आकडा ऐकायला मोठा वाटतो, म्हणून एका ग्रॅमपुरता करून बघू. १.६ वॅट प्रति किलो म्हणजे एका ग्रॅममध्ये १.६ मिलिवॅट. रक्त वाहतच नाही आणि उष्णता आजूबाजूला पसरतच नाही असं धरलं, तर एवढ्या ऊर्जेने सहा मिनिटांत तो ग्रॅम साधारण ०.१६ अंश सेल्सिअसने तापेल. प्रत्यक्षात रक्त सतत वाहतं, त्यामुळे वाढ त्याहूनही कमी राहते.

मग बोलताना कान गरम होतो तो कशाने?

तो मुख्यतः बॅटरी, पडदा आणि आतल्या चिपची उष्णता आहे. शिवाय फोन कानाला टेकला की त्वचेला वारा लागत नाही. बंद असलेली पण उन्हात तापलेली वस्तू कानाला लावली तरी असंच होईल. कानाच्या गरमपणावरून एसएआर ओळखता येत नाही.

हा आकडा मोजतात कसा? माणसाच्या डोक्यावर?

नाही. फायबरच्या पातळ कवचाचं डोकं वापरतात. त्याचा आकार मोठ्या पुरुषी डोक्याचा असतो, कारण तो अमेरिकी सैनिकांच्या मोजमापांवरून ठरवलेला आहे. हे डोकं उभं नसतं. मेजाच्या वरच्या पाटीत मधोमध उभं कापलेलं अर्धं डोकं आडवं बसवलेलं असतं, गाल आणि कान खालच्या बाजूला, आणि वरून ते उघडं असतं. त्यात वरून द्रव ओततात, निदान पंधरा सेंटीमीटर खोल. फोन खालून, कानाच्या जागी, एका प्लॅस्टिकच्या धारकाने दाबून धरतात. धातूचा धारक चालत नाही, कारण धातू लहरी वळवतो. चार्जरची वायरही लावत नाहीत, कारण ती वायर स्वतःच अँटेनाचा भाग बनते. फोन पूर्ण भरलेल्या बॅटरीवर चालवतात.

ह्या द्रवाची गोष्ट सांगितली की आपल्या भागातले लोक लगेच जवळ सरकून ऐकतात. ९०० मेगाहर्ट्झच्या आसपासच्या वारंवारतेच्या पट्ट्यांसाठी जुना आणि आजही माहीत असलेला नुस्का म्हणजे पाणी, साखर, मीठ, घट्टपणासाठी थोडं सेल्युलोज आणि बुरशी लागू नये म्हणून किंचित औषध. वजनाने निम्म्याहून जास्त साखरच असते. संकेश्वर-निपाणीकडच्या कारखान्यांतून निघते तीच साखर. नुसत्या पाण्यात लहरींचं वागणं मेंदूपेक्षा फार वेगळं असतं, म्हणून साखर घालून पाण्याचा तो गुण खाली आणतात, आणि मिठाने विजेची वाहकता हवी तेवढी बसवतात. वरच्या पट्ट्यांना साखर चालत नाही, कारण ती तिथे जास्त ऊर्जा खाते. तिथे ग्लायकॉलसारखे पदार्थ वापरतात. प्रत्येक पट्ट्याला वेगळं मिश्रण लागत असल्याने आता अनेक ठिकाणी मोठ्या पल्ल्याला चालणारे तयार द्रव आणतात.

साखरेचा तो पाक बनवायला कष्ट फार. ढवळताना हवेचे बुडबुडे शिरतात, आणि ते खाली कवचाजवळ अडकले की मोजणी चुकते. म्हणून एक रात्र तसाच ठेवून मगच वापरायचो.

त्या द्रवात नेमकं काय मोजतात?

वर एक यंत्रमानवी हात असतो, त्याच्या टोकाला पातळ दांडीसारखा प्रोब. प्रोबच्या टोकात तीन बारीक अँटेना एकमेकींशी काटकोनात बसवलेल्या असतात, त्यामुळे विद्युत क्षेत्र कुठल्याही दिशेने आलं तरी पकडलं जातं. त्यावरून एसएआर असा निघतो:

```
SAR = σ × E² / ρ
```

इथे E म्हणजे त्या बिंदूवरचं विद्युत क्षेत्र, σ म्हणजे द्रवाची वाहकता, ρ म्हणजे घनता. क्षेत्राचा वर्ग आहे हे लक्षात घ्या. क्षेत्र दुप्पट झालं की आकडा चौपट होतो. फोन आणि डोकं यांच्यातलं अंतर थोडंसं बदललं तरी निकाल एवढा का हलतो, ह्याचं कारण ह्या वर्गात आहे.

आधी हात सगळ्या गालावरून जाडसर फेरी मारतो आणि सर्वात तापट जागा शोधतो. मग तिथे सुमारे तीन सेंटीमीटरचा घन निवडून आत बारीक बारीक अंतरावर मोजतो. त्यातून १ ग्रॅमच्या घनाची, म्हणजे बाजू एक सेंटीमीटर असलेल्या तुकड्याची, सर्वात मोठी सरासरी काढतात. ती त्या फेरीची किंमत.

त्या वेळी फोन किती जोराने बोलत असतो?

ह्या प्रश्नावर सगळं अवलंबून आहे, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

प्रयोगशाळेत फोनला खरं नेटवर्क मिळत नाही. एक यंत्र टॉवरचं सोंग घेऊन फोनला हुकूम देतं, "पूर्ण ताकद लाव," आणि मोजणी संपेपर्यंत तसंच ठेवतं. पट्टा कोणता, चॅनल कोणता, तंत्र टू-जी की फोर-जी, हेही तेच ठरवतं. डोक्याच्या उजव्या आणि डाव्या बाजूला, गालाला टेकवून आणि पंधरा अंश तिरकं करून, अशा चार मांडण्यांत प्रत्येक पट्ट्याची मोजणी होते. एका फोनच्या ह्या सगळ्या फेऱ्यांमधून सर्वात मोठा जो आकडा येतो, तोच कागदावर छापला जातो.

म्हणजे तुमच्या फोनवर १.२ लिहिलं असेल तर तो पूर्ण ताकदीतला, सर्वात वाईट मांडणीतला आणि सर्वात वाईट पट्ट्यातला आकडा आहे. तो पट्टा तुमची कंपनी वापरत असेलच असं नाही. एकच फोन अनेक देशांत विकला जातो. सर्वात मोठी किंमत अमेरिकेतल्या १९०० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात आलेली असेल, तर तो पट्टा आपल्याकडे मोबाइलसाठी वापरातच नाही.

आता फोन नेहमी पूर्ण ताकदीत बोलतो का? नाही. टॉवर सतत फोनला सांगत असतो, "आवाज कमी कर, ऐकू येतंय" किंवा "वाढव." थ्री-जीत तर हा हुकूम सेकंदाला १५०० वेळा येतो. फोर-जीत फोनची कमाल ताकद साधारण २०० मिलिवॅट, पण टॉवर जवळ असला की ती हजारो पटींनी खाली येऊ शकते. टू-जीत ९०० च्या पट्ट्यावर शिखर २ वॅट असतं. पण फोन आठपैकी एकाच वेळखंडात बोलतो, म्हणून सरासरी पाव वॅट. नेटवर्क चांगलं असेल तर शिखर ३ मिलिवॅटच्या आसपास उतरतं, म्हणजे सहाशेहून जास्त पट फरक.

मग आमच्या आत्याच्या दोन फोनांपैकी कोणता बरा? एकाचा ०.६, दुसऱ्याचा १.२.

ही खरीखुरी गोष्ट आहे. माझी आत्या खानापूर तालुक्यात कणकुंबीजवळ राहते. ती बेळगावात आली, दुकानात दोन फोन बघितले आणि मला फोन लावून म्हणाली, "ह्याचं निम्मं हाय की रे. हेच घेतो. खरं दुकानदार म्हणतंय त्यो दुसरा चांगला."

तिच्याकडून दोन्ही फोनांचे आकडे घेतले आणि तिच्यासाठी असा हिशोब मांडला. समजा १.२ चा फोन घेऊन कोणी टिळकवाडीत बोलतोय. टॉवर जवळ आहे, फोर-जीवर कॉल आहे, आणि टॉवरने त्याला कमाल २०० मिलिवॅटऐवजी १० मिलिवॅटवर आणलंय. ताकद वीस पटींनी कमी, म्हणून एसएआरही वीस पटींनी कमी: १.२ भागिले २०, म्हणजे ०.०६. आता ०.६ चा फोन घेऊन कोणी चोर्ला घाटाच्या बाजूला दाट झाडीत, एक काडी नेटवर्कवर बोलतोय. टॉवर लांब, मध्ये डोंगर, फोन पूर्ण ताकदीत. तिथे कानाला ०.६. निम्म्या आकड्याच्या फोनमधून दसपट जास्त ऊर्जा मुरली. ही टिळकवाडी आणि घाटाची तुलना आहे, फोनांची नाही. दोन्ही फोन एकाच घाटात नेले तर फरक दुप्पटच राहील, पण तोही दोघांना सारखीच ताकद लावावी लागली तर.

आणि ती सारखीच लागेल असं नाही. दुकानदाराच्या बोलण्यात इथेच तथ्य होतं. काही फोनांचा एसएआर कमी असतो कारण अँटेना खाली, कानापासून लांब बसवलेली असते. ते चांगलं आहे. पण काही फोनांचा आकडा कमी असतो कारण त्यांची अँटेनाच कमी ऊर्जा बाहेर टाकते. घाटात असा फोन पूर्ण ताकद लावूनही टॉवरपर्यंत नीट पोचत नाही, कॉल तुटतो, पुन्हा लावावा लागतो, आणि तोवर तो पूर्ण ताकदीतच ओरडत असतो. चांगली अँटेना असलेला १.२ वाला फोन तेच काम कमी ताकदीत करू शकतो. कागदावरच्या आकड्यावरून ह्या दोन कारणांतलं कोणतं, ते कळत नाही.

आत्याला मी सांगितलं, दोन्ही फोनमध्ये तुझंच सिम घालून दुकानातच नको, पण शेजारच्या कोणाकडे तसलाच फोन असेल तर घरी अंगणात, परसात, चुलीपाशी उभी राहून बोलून बघ. ज्यात आवाज तुटत नाही तो घे. सुदैवाने गावात दोघांकडे ते फोन होते. १.२ वाला तिच्या परसात टिकला, ०.६ वाला दोनदा तुटला. तिने १.२ वालाच घेतला.

पण १.२ म्हणजे मर्यादेच्या जवळ नाही का?

जवळ आहे, पण मर्यादा ही धोक्याची रेषा नाही. ऊती तापून अपाय होऊ शकेल अशी पातळी आधी ठरवली जाते, आणि तिच्या कितीतरी खाली मर्यादा आखली जाते. सगळ्या शरीरासाठी लोकांची मर्यादा त्या पातळीच्या पन्नासाव्या भागावर आहे. दुसरं म्हणजे मोजणीत स्वतःचीच अनिश्चितता आहे. मानकांत ती तीस टक्क्यांपर्यंत चालते. म्हणजे ०.९ आणि १.१ लिहिलेल्या दोन फोनांमध्ये कोणाचा खरा आकडा जास्त, हे प्रयोगशाळाही ठामपणे सांगू शकत नाही. हे मला माझ्या मोजण्यांवरून माहीत आहे: तोच फोन, तेच डोकं, दुसऱ्या दिवशी पुन्हा लावला आणि गालावरची जागा मिलिमीटर-दोन मिलिमीटर सरकली तरी आकडा हलायचा.

मोजणी चुकली तर कळतं कसं?

सर्वात सोपी खूण म्हणजे घसरण. मोजणीच्या सुरुवातीला आणि शेवटी प्रोब एकाच जागेवर परत येतो. बॅटरी उतरली किंवा फोनने आपोआप ताकद कमी केली तर दोन वाचनं जुळत नाहीत, आणि पाच टक्क्यांहून जास्त फरक असला तर फेरी पुन्हा करावी लागते.

दुसरी खूण द्रवाची. पाणी उडून पाक घट्ट होतो आणि त्याचे गुण बदलतात, शिवाय तापमानानेही बदलतात, म्हणून खोलीत एसी चालू ठेवून मोजणीआधी द्रव तपासतात. उन्हाळ्यात बेंगळुरूतही एसी बंद पडला की आमचं काम थांबायचं. तिसरी खूण म्हणजे प्रमाणित डायपोल अँटेना. तिचा आकडा ठरलेला असतो. आपल्या यंत्रणेवर ती लावून त्या आकड्याच्या दहा टक्क्यांच्या आत आलं नाही, तर फोनला हातच लावायचा नाही. मला एकदा डायपोलचा आकडा सारखा खाली येत होता आणि दोन दिवस कारण सापडलं नाही. शेवटी प्रोबच्या टोकाला चिकटलेला एक बुडबुडा निघाला.

युरोपच्या वेबसाइटवर माझ्याच फोनचा आकडा वेगळा का?

तिथे सरासरी १० ग्रॅमवर काढतात. दहा ग्रॅमचा तुकडा मोठा असल्याने तापट जागेसोबत आजूबाजूचा कमी तापलेला भागही त्यात येतो आणि सरासरी खाली जाते. त्यामुळे त्याच फोनचा तिथला आकडा कमी दिसतो. एका फोनचा युरोपी आणि दुसऱ्याचा भारतीय आकडा लावून "हा कमी" म्हणणं म्हणजे एकाचं धान्य पायलीत आणि दुसऱ्याचं किलोत मोजून तुलना करणं. आकडा कोणत्या देशाचा, १ ग्रॅमचा की १० ग्रॅमचा, हे आधी बघा.

डोक्याचा आकडा ठीक आहे, पण शर्टाच्या खिशात फोन ठेवतो त्याचं काय?

शरीराचा आकडा वेगळा मोजतात, सपाट तळाच्या टाकीखाली फोन धरून. त्यात फोन आणि टाकीच्या मध्ये थोडं अंतर ठेवलेलं असतं, बऱ्याचदा ५ ते १५ मिलिमीटर. फोन अंगाला अगदी टेकवून मोजला तर आकडा वर जातो.

हे किती महत्त्वाचं ठरू शकतं ते २०२३ मध्ये फ्रान्समध्ये दिसलं. तिथल्या एएनएफआर ह्या सरकारी संस्थेने आयफोन १२ हातात धरल्यासारखा किंवा पँटच्या खिशात टेकवून ठेवल्यासारखा मोजला आणि ५.७४ वॅट प्रति किलो आलं. हातापायांसाठी तिथली मर्यादा ४ आहे. पण धडासाठी ५ मिलिमीटर अंतरावर घेतलेल्या चाचणीत तोच फोन मर्यादेत होता. विक्री काही काळ थांबली आणि सॉफ्टवेअर बदलून ताकद कमी केल्यावर परत सुरू झाली. फोन तोच, अंतर बदललं आणि उत्तर बदललं.

बरेच नवे फोन जवळ अंग आहे हे सेन्सरने ओळखून स्वतःच ताकद कमी करतात. अशा फोनचा शरीराचा आकडा कागदावर छान दिसतो, पण कणकुंबीत तो खिशात असताना नेटवर्क सोडण्याची शक्यताही वाढते.

सीमेजवळ नेटवर्क सारखं बदलतं, त्याने फरक पडतो का?

पडतो, आणि आपल्या भागात हा प्रश्न विचारणारे जास्त आहेत हे मला आवडतं. निपाणीकडून कागलकडे जाताना कोगनोळी टोलनाक्याजवळ फोन कधी कर्नाटकच्या तर कधी महाराष्ट्राच्या टॉवरला चिकटतो. खानापूरच्या पश्चिमेला गोव्याचे सिग्नलही मिळतात. प्रत्येक वेळी नवीन टॉवरशी जोडताना फोन आधी अंदाजाने ताकद लावतो, आणि टॉवर लांबचा असेल तर ती जास्तच असते. गाडीत, पत्र्याच्या आत, हा त्रास वाढतो.

एक सोपी गोष्ट करता येते. घरात ज्या टॉवरचं नेटवर्क नीट मिळतं त्याच कंपनीचं सिम ठेवा. कोणत्या फोनचा एसएआर किती, ह्यापेक्षा तुमच्या गावात कोणाचा टॉवर जवळ, हा निर्णय कानाला मिळणारी ऊर्जा जास्त ठरवतो.

फोर-जीवर बोलताना कमी आणि टू-जीवर जास्त, असं म्हणतात ते खरं?

साधारणपणे हो. टू-जीत कॉल जोडताना फोन बहुधा जास्त ताकदीने सुरुवात करतो आणि मग हळूहळू उतरतो. फोर-जीत ताकदीवरचं नियंत्रण बारीक असतं. म्हणून गावात फोर-जीचा आवाज कॉल चालत नसेल आणि फोन टू-जीवर उतरत असेल, तर सिमची ती सोय सुरू आहे का ते दुकानदाराकडून तपासून घ्या. फाइव्ह-जीचा आपल्याकडचा मुख्य पट्टा ३.३ गिगाहर्ट्झच्या आसपास आहे आणि तोही ह्याच एसएआरच्या मोजणीत येतो.

रेडिएशन कमी करणारा स्टिकर लावू का?

नको. स्टिकर लहरी अडवत नसेल तर त्याचा उपयोग शून्य. अडवत असेल तर फोन टॉवरपर्यंत पोचण्यासाठी ताकद वाढवतो आणि बॅटरी लवकर उतरते. गाडीत लावायच्या मॅग्नेटसाठी कव्हरमध्ये घातलेली लोखंडी पट्टीही अँटेनावर आली तर हेच होतं. पडलेला फोन दुरुस्त करून आणल्यावर पूर्वीच्याच जागी काड्या कमी दिसू लागल्या, तर अँटेनाची पत्ती नीट बसली नाही का, ते आधी बघून घ्या.

मुलांसाठी वेगळा विचार करावा का?

थोडा करावा. प्रयोगशाळेतलं डोकं मोठ्या माणसाचं आहे. मुलांची कवटी पातळ असल्याने त्यांच्या मेंदूत ऊर्जा अधिक मुरते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २०११ मध्ये रेडिओ लहरींना "कर्करोगकारक असण्याची शक्यता" ह्या २बी गटात टाकलं, तेव्हाच्या अहवालात ही गोष्ट नोंदलेली आहे. त्यानंतर २०२४ मध्ये त्याच संघटनेसाठी झालेल्या मोठ्या आढाव्यात मोबाइल वापर आणि मेंदूचा कर्करोग यांत संबंध आढळला नाही. हे दोन्ही मी लोकांना सांगतो आणि मुलांसाठी कमी आकड्याचा फोन शोधा असं सांगत नाही. स्पीकर किंवा वायरचा इअरफोन वापरायला सांगतो. फोन कानापासून वीतभर लांब गेला की डोक्यात मुरणारी ऊर्जा एवढी कमी होते, की ०.६ आणि १.२ मधला फरक त्यापुढे काहीच नाही.

मग फोन घेताना आकडा अजिबात बघूच नये?

एकदा बघा, पण कमी-जास्त लावण्यासाठी नाही. नव्या फोनवर कॉलच्या जागी हे टाका:

```
*#07#
```

पडद्यावर डोक्याचा आणि शरीराचा SAR दिसला आणि दोन्ही १.६ च्या आत असले, की आकड्याचं काम संपलं. काही फोनांत आकड्याऐवजी माहितीच्या पानाचा दुवा दिसतो, तेही चालतं. काहीच दिसत नसेल, पुस्तिकेतही नसेल आणि फोन बाहेरून आणलेला किंवा फार स्वस्त असेल, तर थांबा. चाचणी कंपनीने दिलेल्या नमुन्यावर होते, आणि नकली फोनची कोणी केलेलीच नसते. अशा वेळी फोनचा क्रमांक बघा:

```
*#06#
```

आलेला पंधरा आकडी क्रमांक KYM शब्दापुढे जागा सोडून लिहा आणि 14422 वर एसएमएस पाठवा. उत्तरात तुमच्या हातातल्या फोनची कंपनी आणि मॉडेल आलं पाहिजे. वेगळंच नाव आलं किंवा क्रमांक काळ्या यादीतला निघाला, तर पैसे देऊ नका.